पंख्याच्या पात्यात तयार होणारा विद्युत दाब

धातूची सळई मध्यभागी खिळून चुंबकीय क्षेत्रात फिरवली, तर केंद्र आणि टोक यांच्यात किती व्होल्ट मिळतील? लातूर-नांदेडकडे बारावीची तयारी करणाऱ्या मुलांना हे गणित ओळखीचं आहे. पण ते डोक्यावरच्या पंख्यावर करून बघितलं, की त्यातली खरी गंमत कळते.

मराठवाड्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीच्या दिशेने खाली जाणारा भाग साधारण 2 × 10⁻⁵ टेस्ला आहे. पंखा आडवा फिरतो, म्हणून त्याच्यासाठी हाच भाग कामाचा. ॲल्युमिनियमच्या पात्याचं टोक केंद्रापासून 0.6 मीटरवर आणि वेग मिनिटाला 300 फेरे, म्हणजे सेकंदाला 5, असं धरू.

टोकाचा वेग सेकंदाला जवळपास 19 मीटर येतो. इथेच बरेच जण घाई करतात आणि चुंबकीय क्षेत्र B × लांबी × वेग या सूत्रात हाच वेग घालून मोकळे होतात. उत्तर दुप्पट येतं. पात्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्या वेगाने जातो: केंद्राजवळचा जवळजवळ जागच्या जागी, टोकाचा सर्वांत जोरात. वेग अंतराच्या प्रमाणात वाढत असल्याने सरासरी टोकाच्या वेगाच्या निम्मी. म्हणून सूत्र ½Bωr², जिथे ω म्हणजे कोनीय वेग आणि r म्हणजे केंद्रापासून टोकाचं अंतर, आणि उत्तर सुमारे 0.11 मिलिव्होल्ट. पडताळाही सोपा आहे. पातं एका फेऱ्यात πr² क्षेत्रफळ झाडतं. त्याला 5 ने आणि B ने गुणलं की तोच आकडा हातात येतो.

गणितात सळईची पूर्ण लांबी L दिली असेल, तर r म्हणजे L/2. तेव्हा केंद्र ते टोक BωL²/8. दोन टोकांमध्ये मात्र शून्य, कारण दोन्ही टोकांचा विद्युत दाब केंद्रापेक्षा सारखाच वेगळा असतो. खालून पाहता पंखा घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर इलेक्ट्रॉन केंद्राकडे ढकलले जातात आणि टोक धन होतं. पाती तीन असली तरी व्होल्ट तिप्पट होत नाहीत. ती समांतर जोडलेल्या घटांसारखी वागतात.

हे मोजणं मात्र अवघड. मीटर आणि त्याच्या तारा पात्यावरच बांधून फिरवल्या, तर तारांमध्येही तेवढाच दाब तयार होतो आणि मीटर शून्य दाखवतो. मीटर खाली स्थिर ठेवून एक घासता संपर्क दांड्याला आणि दुसरा टोकाशी लावावा लागतो. फॅरेडेने 1831 मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली, तेव्हा त्याने असेच संपर्क वापरले होते.

घासून संपर्क तापतो, आणि दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे उष्णतेमुळे काही मायक्रोव्होल्ट आपोआप निर्माण होतात. आपला आकडाच 110 मायक्रोव्होल्टचा, तेव्हा ही भेसळ जड जाते. ती वेगळी काढायला पंखा त्याच वेगाने उलटा फिरवून वाचन घ्यायचं. चुंबकीय भागाचं चिन्ह पालटतं, उष्णतेच्या भागाचं पालटत नाही. दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मी केली, की पात्याचा खरा आकडा उरतो.