पंच्याऐंशी टक्के कॅश, तरी दुपारी साइट अटकते

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा मित्र बाजाराचे भाव दाखवणारी छोटी वेबसाइट चालवतो. दिवाळीनंतर कापूस निघाला की सकाळचा लिलाव आटोपायच्या आतच लोक मोबाइलवर भाव पाहायला लागतात. मागच्या हंगामात त्यानं मला एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "भाऊ, पंच्याऐंशी टक्के कॅश होऊन राहिलं, तरी बारा वाजता साइट अटकतेच. कायच्यानं?"

इथली कॅश म्हणजे रोकड नव्हे. गावातल्या किराणा दुकानात मिठाचा पुडा असला तर तो तिथंच मिळतो, नसला तर दुकानदाराला नागपूरच्या इतवारीतून आणावा लागतो. वेबसाइटची पानं, फोटो, फाइली यांची प्रत वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी व्यवस्था असंच काम करते. प्रत तिथं सापडली तर तो हिट. नाही सापडली तर मागणी मूळ सर्व्हरकडे जाते, तो मिस. मित्राचा मूळ सर्व्हर म्हणजे त्याच्या ऑफिसातला एक कॉम्प्युटर आणि बाहेर पाठवायला १० एमबीपीएसची लाइन.

चोवीस तासांच्या त्या स्क्रीनशॉटवर चार आकडे होते:

```
Total requests   240k    Cached requests  204k
Total data       30 GB   Cached data       9 GB
```

पहिल्या ओळीचा भागाकार सोपा आहे. २,०४,००० भागिले २,४०,००० म्हणजे ८५ टक्के. मित्रानं एवढंच पाहिलं होतं. दुसऱ्या ओळीचं गणित मात्र वेगळंच सांगतं. ३० पैकी ९ जीबी, म्हणजे फक्त ३० टक्के. मागण्या मोजल्या तर मूळ सर्व्हरचं बहुतेक काम वाचलं होतं, पण डेटा मोजला तर २१ जीबीचं ओझं त्याच्याच डोक्यावर होतं. पुडे मोजायचे की वजन, यावर उत्तर बदलतं. लाइन वजनानं भरते.

आता थोडं आत जाऊ. मूळ सर्व्हरकडे गेलेल्या मागण्या ३६,००० आणि त्यांचा डेटा २१ जीबी, म्हणजे मागणीमागे सरासरी ५८० केबीच्या आसपास. कॅशमधून गेलेल्यांची सरासरी ४४ केबी. इतका फरक दिसला की समजायचं, काहीतरी मोठी वस्तू कॅशमध्ये जातच नाहीये.

दिवसाची सरासरी काढली तर २१ जीबी म्हणजे जेमतेम २ एमबीपीएस. लाइन आरामात पुरायला हवी. पण भाव काही रात्री तीन वाजता कोणी पाहत नाही. निम्म्या डेटाची मागणी अकरा ते एक या दोन तासांत आली असं धरा. साडेदहा जीबी, ७,२०० सेकंद, म्हणजे साधारण ११.७ एमबीपीएस. लाइन १० ची. डॅशबोर्डवरच्या चोवीस तासांच्या आकड्यात हे दोन तास बुडून जातात, म्हणून शक्य असेल तर तासाचा आलेखही मागून घ्यावा.

मोठी वस्तू कोणती, हे शोधायला वेळ लागला नाही. रोजचा भावफलक स्कॅन करून अडीच एमबीची पीडीएफ केलेली, आणि ती `download.php` मधून दिली जायची. त्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत `session_start()` होतं. ते असलं की पीएचपी उत्तरासोबत आपणहून `Cache-Control: no-store` पाठवते, म्हणजे ही प्रत ठेवू नका. कॅशनं ती सूचना इमानदारीनं पाळली. दिवसाला ८,००० डाउनलोड, प्रत्येकी अडीच एमबी, झाले २० जीबी. हिशोब जुळला.

पीडीएफ साधी फाइल म्हणून ठेवली. ८,००० मागण्या कॅशकडे वळल्या तर मागण्यांचं प्रमाण ८५ वरून ८८ टक्क्यांवर जातं, म्हणजे पाहणाऱ्याला काही विशेष झालंसं वाटणारही नाही. पण मूळ सर्व्हरचा डेटा २१ वरून १ जीबीच्या घरात येतो, म्हणजे वीसपटीनं कमी.

डॅशबोर्ड आकडे गोल करून दाखवतो, तिकडेही लक्ष ठेवा. स्क्रीनवर `1.2M` पैकी `1.1M` असं दिसलं, तर खऱ्या मिस शून्याजवळही असू शकतात किंवा दोन लाखही. अशा स्क्रीनशॉटवरून उरलेलं ओझं काढू नये, पूर्ण आकडे मागावेत.

दुसऱ्याच दिवशी मात्र मित्राचा फोन आला. साइट पळत होती, पण एक शेतकरी ओरडत होता, "हा त कालचाच भाव होय!" फाइलीचं नाव रोज तेच, `bhav.pdf`, त्यामुळे कॅश जुनीच प्रत वाटत बसली होती. मग नावात तारीख घातली, `bhav-19-nov.pdf` अशी. नाव नवं म्हणजे कॅशसाठी वस्तूही नवी. आठवड्यानं आलेल्या स्क्रीनशॉटवर `Total data 30 GB`, `Cached data 28.9 GB` होतं.