देणगी रजिस्टर
देणगी रजिस्टर म्हणजे ट्रस्टला आलेल्या देणग्यांची वही, हल्ली बहुतेक ठिकाणी एक्सेल. एक पावती म्हणजे एक ओळ: पावती नंबर, तारीख, नाव, मोबाईल, रक्कम, रोख की चेक की यूपीआय. यात खरा कणा पावती नंबरचा, रकमेचा नाही, कारण रक्कम चुकली तर बेरजेत कधीतरी सापडते पण अख्खी पावतीच लिहिली नाही तर बेरीज बरोबरच दिसते.

म्हणून खाडाखोड झालेली पावती फाडून टाकायची नसते. मूळ पावती आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच ठेवून वर "रद्द" लिहायचं आणि रजिस्टरमध्येही त्या नंबरची शून्य रकमेची ओळ टाकायची.

समजा गावातल्या एका देवस्थानात महिन्याभरात 1101 ते 1148 पावत्या गेल्या. म्हणजे ओळी 48च हव्यात (शेवटचा वजा पहिला अधिक एक, हा अधिक एक हमखास विसरतात). त्यातल्या 2 रद्द, 46 चालू. दोन पुस्तकं एकाच वेळी फिरत असतील, एक काउंटरवर आणि एक वर्गणीला गेलेल्या पोरांकडे, तर तारखेप्रमाणे लावल्यावर नंबर उड्या मारतात आणि उगाच घोटाळा वाटतो, तेव्हा तपासणी पुस्तकवार करायची.

आता परत परत देणारे किती. नावावरून मोजलं तर गोंधळ होतो, "ए. बी. कुलकर्णी" आणि "अनिल कुलकर्णी" एकच माणूस असू शकतो. मोबाईल नंबर बरा, अर्थात बापलेक एकच नंबर देतात तिथे तोही फसतो. 80जीवाल्या, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या ट्रस्टना 2021-22 पासूनच्या देणग्यांसाठी देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला देणारा 10बीडी फॉर्म भरावा लागायला लागल्यापासून पॅन घ्यायची सवय लागली, तो असेल तर प्रश्नच मिटला. मोबाईल E कॉलममध्ये असेल तर तो नंबर किती वेळा आला ते असं मोजायचं:

```
=COUNTIF(E:E,E2)
```

आपल्या देवस्थानात आधी नावावरून 39 देणगीदार आले, त्यातले 5 एकापेक्षा जास्त वेळा देणारे. मोबाईल लावल्यावर एकेकदा दिलेले दोन "कुलकर्णी" एकच निघाले, मग 38 आणि 6. पावत्या 46च राहिल्या, त्या बदलायलाच नकोत, बदलल्या तर समजायचं की मोजताना ओळ उडाली.

विश्वस्तांना मीटिंगमध्ये अख्खं रजिस्टर कोण वाचणार, त्यांच्यासाठी वर चार ओळी पुरतात, साधारण अशा: "पावती 1101 ते 1148. 46 चालू, 2 रद्द (1117, 1133), दोन्हींच्या मूळ प्रती पुस्तकात आहेत. एकूण 61,350 रुपये, पैकी रोख 23,850, तेवढाच बँकेत भरणा. देणगीदार 38, पैकी 6 जणांनी एकाहून जास्त वेळा दिले. पावती 1126 चा 5,000 चा चेक परत आला, म्हणून निव्वळ जमा 56,350."

चेक परत आला म्हणून 1126 ला "रद्द" मात्र लिहायचं नाही, पावती देणगीदाराच्या हातात गेलेली असते. रक्कम वजा करणारी उलटी नोंद वेगळ्या ओळीत करायची, तिला नवा पावती नंबर नाही, शेऱ्यात फक्त 1126 चा उल्लेख.