नामवंत, बहुचर्चित, कुख्यात: नावाआधीचा एक शब्द काय करून जातो

एक साधं वाक्य घ्या. "डॉ. अमुक यांनी काल पुण्यात व्याख्यान दिलं." आता डॉक्टरांच्या आधी एकेक शब्द लावून बघा. प्रसिद्ध डॉ. अमुक, नामवंत डॉ. अमुक, बहुचर्चित डॉ. अमुक, कुप्रसिद्ध डॉ. अमुक. व्याख्यान तेच, हॉल तोच, पण 'नामवंत' वाचल्यावर यांची अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळत असेल असं मनात येतं आणि 'बहुचर्चित' वाचल्यावर पहिला प्रश्न हाच, की का हो, काय केलं यांनी?

निव्वळ माहिती म्हणून बघितलं तर चारही शब्द एकच सांगतायत, या माणसाचं नाव बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. पण त्याच्या आडून प्रत्येक शब्द एक निकालही देऊन टाकतो, आणि निकाल देणारा कोण ते काही कळत नाही. ख्यात म्हणजे ज्याच्याबद्दल सांगितलं गेलंय असा, विख्यात-प्रख्यात-कुख्यात हे सगळे त्याच घरातले. आता सांगितलं कोणी? गावाने, पोलिसांनी, फ्लेक्स लावणाऱ्या कार्यकर्त्यांनी, की लिहिणाऱ्याने स्वतःच? साक्षीदार गायब, साक्ष मात्र हजर.

आणि ही साक्ष खोडायला पण अवघड असते. भाषाशास्त्रातली एक सोपी चाचणी आहे, ती घरी करून बघता येते. "कुख्यात गुंड अमुक याला काल अटक झाली" या वाक्यावर कोणी म्हणालं "छे, खोटंय", तर आपण काय समजतो? की अटक झालेली नाही. वाक्याचा प्रश्न करा, "कुख्यात गुंड अमुक याला अटक झाली का?" उत्तर हो द्या नाहीतर नाही द्या, तो कुख्यात आहे हे जागचं हलत नाही. आता तेच वाक्य उलटं करा, "अमुक कुख्यात आहे." इथे "खोटंय" म्हटलं की घाव थेट कुख्यातवरच बसतो. म्हणजे शब्द तोच, पण नावाच्या आधी बसला की तो वादाच्या बाहेर जातो आणि वाक्याच्या शेवटी आला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

यात अजून एक बारकावा आहे. "पोलिसांनी कुख्यात गुंडांची यादी केली" इथे कुख्यात हा शब्द काम करतोय, सगळ्या गुंडांमधून काही जण वेगळे काढतोय. पण पुढे थेट माणसाचं नाव असेल तर वेगळं काढायला काही उरतच नाही, माणूस कोण ते नावानेच ठरलंय, मग विशेषण फक्त रंग लावतं. क्रिस्टोफर पॉट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने २००५ साली अशाच मजकुरावर अख्खं पुस्तक लिहिलं, मुख्य विधानाच्या बाजूने गुपचूप चालणारी, वाक्य नाकारलं तरी न नाकारली जाणारी विधानं. बातम्यांमधली आणि सत्कार समारंभातली निम्मी विशेषणं त्यात बसतील असं मला वाटतं (हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही).

पण एका शब्दाने वाचणाऱ्यावर खरंच एवढा परिणाम होतो का? यावर १९५० सालचा एक मस्त प्रयोग आहे. हॅरॉल्ड केली या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अर्थशास्त्राच्या वर्गांना सांगितलं, आज तुमचे नेहमीचे सर नाहीत, पाहुणे शिकवायला येतायत, आणि प्रत्येकाच्या हातात पाहुण्यांचा छोटा परिचय दिला. वय २६, लग्न झालेलं, सैन्यात होते, मानसशास्त्र शिकवायचा तीन सेमिस्टरचा अनुभव, आणि मग शेवटी, ओळखणारे लोक त्यांना प्रेमळ, मेहनती, चिकित्सक, व्यवहारी आणि निश्चयी मानतात. अर्ध्या कागदांवर 'खूप प्रेमळ' होतं, अर्ध्यांवर त्याच जागी 'जरा थंड', बाकी अक्षर न अक्षर सेम. आणि दोन्ही कागद एकाच वर्गात मिसळून वाटलेले, म्हणजे सगळ्यांनी तोच माणूस, तोच वर्ग, तेच बोलणं बघितलं.

नंतर मुलांनी मार्क दिले तेव्हा 'प्रेमळ' कागदवाल्यांना सर जास्त समजूतदार, मनमोकळे, विनोदी वाटले, 'थंड' कागदवाल्यांना कमी. पण मला त्यातला जास्त महत्त्वाचा आकडा दुसराच वाटतो. वर्गात वीसेक मिनिटं चर्चा झाली, त्यात 'प्रेमळ' वाचलेल्यांपैकी ५६ टक्के मुलं बोलली आणि 'थंड' वाचलेल्यांपैकी ३२ टक्के. म्हणजे नुसतं मत बदललं नाही, वागणंही बदललं. आणि त्या परिचयातही बघा, "ओळखणारे लोक मानतात", कोण लोक ते नाहीच! मुलं मोजकीच होती, साधारण पन्नास-पंचावन्न, आणि शब्द स्वभावाचा होता, प्रसिद्धीचा नव्हता, त्यामुळे यावरून 'नामवंत' किती टक्के परिणाम करतो असा हिशोब काढायचा नाही. पण परिचयातला एक शब्द आधी डोक्यात शिरला की समोरचा जिताजागता माणूसही त्यातूनच दिसतो, एवढं यातून नक्की कळतं.

मग हा रंग शब्दाला येतो कुठून? बऱ्याचदा संगतीतून. इंग्रजीतला नोटोरियस हा शब्द लॅटिनमधल्या 'ठाऊक असलेलं' अशा साध्या मुळातून आलाय, सोळाव्या शतकात तो 'सर्वांना माहीत' एवढ्याच अर्थाने चालायचा, पण त्याच्या पुढे सारखे चोर, पापी, खोटारडे असेच शब्द येत राहिले आणि हळूहळू तो डाग त्यालाच लागला. इन्फेमस मात्र जन्मापासूनच वाईट, रोमन कायद्यात माणसाची पत अधिकृतपणे काढून घ्यायचे त्याच्याशी त्याचं नातं आहे. आपल्याकडे कुख्यात आणि कुप्रसिद्ध या दोघांच्या तोंडावरच 'कु' लिहिलेलं आहे, त्यामुळे फसायला होत नाही. फसवतात ते बिनलेबलचे. नामचीन म्हणजे खरं तर नावाजलेला माणूस, पण मराठी बातमीत त्याच्या पुढे गुंडच येतो, नामचीन गायिका असं कोणी लिहिलं तर गायिका केस करेल. गाजलेला हा दोन्ही घरचा पाहुणा, गाजलेलं नाटक म्हणजे कौतुक, गाजलेला घोटाळा म्हणजे घोटाळाच, तो रंग पुढच्या शब्दाकडून उसना घेतो. वादग्रस्तमध्ये तर वाद कोणी घातला हेच गुलदस्त्यात, एकाने तक्रार केली आणि दहा जणांनी ती हसण्यावारी नेली तरी माणूस वादग्रस्त होऊ शकतो.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, नामांकित. "शहरातील एका नामांकित शाळेत धक्कादायक प्रकार." ज्याच्या नावाचा एवढा गाजावाजा त्याचंच नाव बातमीत नाही, आणि आता अशी सवय झालीय की बातमीत 'नामांकित' दिसलं की पुढे काहीतरी वाईट घडलेलं असणार हे आपण आधीच ओळखतो.

याच्या उलट काही शब्द दिसायला तेवढेच कडक असतात पण ते तपासता येतात. तडीपार घ्या. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ मधल्या कलम ५५ ते ५७ खाली लेखी आदेश निघतो, त्यावर तारीख असते, कुठल्या भागातून हद्दपार ते असतं, जास्तीत जास्त मुदत २ वर्षांची. एखाद्याला चुकून तडीपार लिहिलं तर तो म्हणू शकतो, दाखवा आदेश. कुख्यात लिहिलं तर काय दाखवा म्हणणार?

आता एक खरा माणूस घेऊ, उमाजी नाईक. पुरंदरजवळच्या भिवडीचे, रामोशी समाजातले. इंग्रजांच्या कागदोपत्री ते दरोडेखोर आणि लुटारूंचे म्होरके, आज आपल्याकडच्या जयंतीच्या फलकावर ते आद्य क्रांतिवीर. दोन्हीकडे विशेषण नावाच्या आधीच येऊन बसतं, त्यामुळे दोन्हीकडे वाचणाऱ्याचं मत नाव यायच्या आत तयार होतं. विशेषणं काढून परिचय लिहायला घेतला तर काय उरतं बघा. रामोशांकडे गावाची आणि किल्ल्यांची राखण असायची, पेशवाई गेल्यावर ते काम आणि त्याचे हक्क सुटत गेले. उमाजींनी टोळी जमवून सरकारी खजिने आणि सावकार लुटले. मधल्या काळात इंग्रजांनीच त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामाला लावलं, पुढे परत बंड झालं, त्यांना पकडून देणाऱ्याला मोठं बक्षीस जाहीर झालं, शेवटी पकडून १८३२ साली पुण्यात फाशी दिलं. आणि लगेच १८३३ साली, अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज कॅप्टनने रामोशांवर मुंबईत एक पुस्तक छापलं, त्यात उमाजींचं चरित्रच घातलं!

यातली माफीची ओळ नीट बघा. 'कुख्यात दरोडेखोर' लिहिणाऱ्याला ती नकोशी, कारण सरकारने कुख्यात माणसाला पगार का दिला हे मग सांगावं लागतं. 'आद्य क्रांतिवीर' लिहिणाऱ्यालाही ती जरा अडचणीचीच, कारण क्रांतिवीराने इंग्रजांची नोकरी का घेतली हे सांगावं लागतं. दोन विरुद्ध विशेषणं, पण दोघांनाही तीच ओळ टोचते. एखाद्या परिचयातलं विशेषण कितपत खरं आहे हे बघायचं असेल तर मी अशीच ओळ शोधतो, जी त्या विशेषणाच्या पोटात बसत नाही आणि म्हणून वगळली गेलीय.

अर्थात विशेषणं काढली म्हणजे लिखाण निष्पक्ष झालं असं नाही. वरच्या माझ्याच परिच्छेदात मी 'टोळी जमवून' लिहिलंय, 'माणसं जमवून' लिहिलं असतं तर वेगळं वाटलं असतं. अशा शब्दांवर नजर सहज जात नाही. मार्टा रेकासेन्स आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली विकिपीडियावरची अशी वाक्यं गोळा केली ज्यांतला एकांगी शब्द संपादकांनी नंतर बदलला होता, आणि लोकांना विचारलं, सांगा बरं यातला गडबड करणारा शब्द कुठला. वाक्यात तो आहे हे आधीच सांगितलेलं होतं, तरी बरोबर उत्तर साधारण ३७ टक्के वेळाच आलं.