बॉलपेनच्या शाईचा डाग : सुती गणवेशावरून काढणे

बॉलपेनमधून सुती शर्टावर उतरलेली शाई कापडात पक्की होण्याआधी विद्रावकाने विरघळवून टिपून घेण्याची घरगुती प्रक्रिया. शाळेच्या गणवेशावर हा डाग बहुधा दोन ठिकाणी आढळतो : बाहीच्या कडेला ओढली गेलेली बारीक रेघ आणि खिशाच्या तळाशी गळून झालेला गोळा. यांपैकी दुसरा काढायला अवघड असल्याने येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

ही शाई पाण्यात का जात नाही, हे तिच्या घडणीवरून कळते. गोळीच्या टोकाचे पेटंट जॉन लाउड यांनी १८८८ मध्ये घेतले होते; पण ते चामड्यासारख्या खरबरीत पृष्ठभागावर खुणा करण्यासाठी होते आणि कागदावर ते नीट चालले नाही. त्यामुळे बॉलपेनचा जनक कोण, याबद्दल दोन मते आढळतात. डागाच्या दृष्टीने पाहता श्रेय लास्लो बीरो यांच्याकडे अधिक जाते. त्यांच्या १९३८ च्या सुमाराच्या पेटंटांमागील खरी भर गोळीची नसून दाट, न वाहणाऱ्या शाईची होती, आणि तिच्या घडणीत रसायनाचे जाणकार असलेले त्यांचे बंधू ड्यॉर्ड यांचा हात होता. आरंभीच्या शाया तेलकट, ओलेइक अम्लावर आधारलेल्या होत्या. १९५० च्या आसपास ग्लायकॉल वर्गातील विद्रावक वापरात आले. ‘शाईच्या डागाला तेल लावावे’ हा जुना सल्ला त्या पहिल्या पिढीच्या शायांवरून आला असण्याची शक्यता आहे. आजच्या शाईला तो फारसा लागू पडत नाही.

आजच्या निळ्या शाईत वजनाने साधारण पाव ते निम्मा भाग रंजकांचा असतो. क्रिस्टल व्हायोलेटसारखी जांभळी रंजके आणि तांबेयुक्त थॅलोसायनीन वर्गातील निळी रंजके त्यांत नेहमीची. उरलेला भाग रेझीन हा राळेसारखा चिकट पदार्थ आणि फिनॉक्सिएथॅनॉल, बेंझिल अल्कोहॉल यांसारखी सावकाश उडणारी विद्रावके यांचा. रेझीन पाण्याला दाद देत नाही, अल्कोहॉलात मात्र विरघळते. सगळी प्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे.

डाग ‘पक्का होणे’ म्हणजे नेमके काय, याबद्दल एकवाक्यता नाही. रंजक कापसाच्या तंतूला रासायनिकरीत्या चिकटते, असा एक समज आहे. परंतु क्रिस्टल व्हायोलेटसारख्या रंजकांना सुती धाग्याची स्वाभाविक ओढ नसते. अशा रंजकांनी सुती कापड रंगवताना पूर्वी धाग्यावर आधी टॅनिनाचा संस्कार करावा लागे, तेव्हा कोठे रंग टिकत असे. म्हणून दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते : विद्रावक उडून जाते, रेझीन धाग्यांच्या पिळात घट्ट होते आणि रंग त्यात कोंडला जातो. फिनॉक्सिएथॅनॉलाचा उत्कलनबिंदू सुमारे २४५° से. आहे, त्यामुळे नेहमीच्या हवेत ते फार हळू उडते. बोटाला डाग लगेच कोरडा लागतो, तरी आत बराच काळ विद्रावक शिल्लक असते. म्हणजे संध्याकाळी लक्षात आलेला डागही हाताबाहेर गेलेला नसतो. खरा घात करतात ते गरम पाणी, यंत्रातील गरम हवेची सुकवणी आणि सुती कापडासाठी २००° से.च्या आसपास तापवलेली इस्त्री. यांनी आठवड्यांचे काम मिनिटांत होते.

शाई बॉलपेनचीच आहे ना, याची खात्री आधी करावी. शिवणीजवळ डागाच्या कडेवर पाण्याचा एक थेंब टाकावा. रंग पाण्यात पसरला तर शाई फाउंटन पेनची किंवा पाण्यावर आधारलेली आहे, आणि पुढील कृती तिला लागू नाही. पाण्याचा परिणाम झाला नाही, तर कापसाच्या बोळ्यावर थोडे अल्कोहॉल घेऊन टेकवून पाहावे. बोळा लगेच निळा-जांभळा झाला, की शाई बॉलपेनची. जेल पेनांच्या अनेक शायांत न विरघळणारे रंगकण असतात. त्यांवर अल्कोहॉल टेकवले तरी बोळा जवळजवळ पांढराच राहतो.

खिशाच्या तळाशी दोनेक सेंटीमीटरचा डाग पडला आहे असे धरू. तेथे कापड दुहेरी असते, खिशाचे आणि त्यामागे शर्टाचे. ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बाहेरून अल्कोहॉल ओतले, तर विरघळलेली शाई मागच्या थरात उतरते आणि एका डागाचे दोन होतात. म्हणून खिसा उलटा बाहेर काढता आला तर काढावा, नाहीतर त्याच्या आत आणि शर्टाच्या मागेही पांढऱ्या जुन्या सुती कापडाची जाड घडी सरकवावी. वर साचलेली लिबलिबीत शाई बोथट सुरीने उचलून घ्यावी, चोळू नये. शर्ट या वेळी कोरडाच असावा. ओल्या सुताचे धागे फुगतात, अल्कोहॉल पातळ होते आणि रेझीनपर्यंत त्याची ताकद पोचत नाही. आधी पाण्याखाली धरणे ही म्हणूनच सर्वांत सामान्य चूक आहे.

यानंतर ७० ते ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहॉल बोळ्यावर घेऊन डागाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे टेकवत जावे. अर्धा-एक मिनिट थांबून कोऱ्या पांढऱ्या कापडाने दाबून टिपावे. खालच्या घडीवर निळा ठसा उमटला, की घडी फिरवून स्वच्छ भाग खाली आणावा. हे झाले नाही, तर तीच शाई परत वर चढते. घडीवर येणारा ठसा फिकट होत जाणे ही काम पुढे सरकल्याची खूण. ठसा उमटेनासा झाला आणि कापडावर रंग दिसतच राहिला, तर त्या फेरीत अल्कोहॉलाकडून मिळायचे ते मिळाले असे समजावे. मग द्रव साबणाचे काही थेंब जिरवून, बोटांनी हलके मळून, गार पाण्यात खळबळून काढावे. फिकट छटा उरल्यास शर्ट सावलीत वाळवून दुसरी फेरी करावी. अल्कोहॉल ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवावी, जवळ ज्योत नसावी, आणि ओल्या भागावर इस्त्री फिरवू नये.

हात निर्जंतुक करण्याची जेल त्यातील अल्कोहॉलामुळेच उपयोगी पडते आणि दाट असल्याने जागेवर टिकते. केसांच्या फवाऱ्याची ख्याती जुन्या, अल्कोहॉलाचे प्रमाण जास्त असलेल्या फवाऱ्यांवरून आली असावी; त्याचा चिकट थर मात्र नंतर धुऊन काढावा लागतो. दुधाचा उपाय अनेक घरांत सांगितला जातो, पण त्यात रेझीन विरघळवणारे काही नाही. ॲसिटोन सुताला अपाय करत नाही, मात्र काही प्लॅस्टिकची बटणे आणि छापील बोधचिन्ह त्याने विरघळू शकतात.

क्लोरीनयुक्त विरंजकाबाबत अधिक सावधगिरी हवी. ते जांभळ्या रंजकावर लवकर चालते, निळ्या थॅलोसायनीनावर तितके नाही, आणि रेझीन जागेवरच राहते. धुण्याच्या सोड्यासारख्या तीव्र अल्कलीतही क्रिस्टल व्हायोलेट हळूहळू रंगहीन रूपात जाते आणि डाग उतरल्याचा भास होतो. त्याच जागी अम्लाचा, उदाहरणार्थ व्हिनेगराचा, स्पर्श झाला की जांभळी झाक परत येऊ शकते. त्यामुळे डाग गेला की नाही, हे शर्ट साध्या पाण्यात पूर्ण खळबळून, वाळवून, दिवसाच्या उजेडात पाहून ठरवावे. इस्त्री त्यानंतर.