आवर्ती वस्तुप्रतिमा : लघुकादंबरीतील बंद घड्याळ

एखादी साधी, रोजच्या वापरातली वस्तू लघुकादंबरीत काही अंतराने पुन्हापुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिच्या आधीच्या उल्लेखांचा अर्थ थोडा बदलून जाते, तेव्हा तिला आवर्ती वस्तुप्रतिमा म्हणतात. प्रतीक एकदाच येऊनही आपले काम करू शकते. या प्रतिमेला मात्र पुनरावृत्ती अनिवार्य असते. लोकसाहित्याच्या अभ्यासात ज्याला कल्पनाबंध म्हणतात, तो अनेक कथांमधून फिरतो. येथे अभिप्रेत असलेली प्रतिमा एकाच कलाकृतीच्या आत फिरते.

या तंत्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जर्मन परंपरेत त्याचा धागा कथाकार पाउल हायझेच्या ‘ससाणा सिद्धांता’शी जोडला जातो. हायझेने 1871 मध्ये हेर्मान कुर्त्झसह संपादित केलेल्या जर्मन लघुकादंबऱ्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत बोकाचोच्या ‘डेकामेरॉन’मधील पाचव्या दिवसाच्या नवव्या कथेचा दाखला दिला. त्या कथेतला निर्धन प्रेमिक घरी आलेल्या स्त्रीच्या पाहुणचारासाठी आपला लाडका ससाणा मारतो, आणि ती आजारी मुलासाठी नेमका तोच ससाणा मागायला आलेली असते. लेखकाने आपल्या कथेतला ‘ससाणा’ कोठे आहे हे स्वतःला विचारावे, असे हायझेचे म्हणणे होते. पुढील समीक्षकांनी त्याचा अर्थ ‘कथेच्या मध्यभागी एक वस्तू हवी’ असा आकुंचित केला; हायझेला मात्र कथेची इतर कथांहून वेगळी, ठळक बाह्यरेषा अभिप्रेत असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसरा पक्ष हे तंत्र जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीत नाटकांतील ‘लाइटमोटिफ’कडून, म्हणजे एखाद्या पात्राशी किंवा कल्पनेशी जोडलेल्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या स्वरावलीकडून, आले असे मानतो. ही संज्ञा हान्स फोन वोल्त्सोगेन याने वाग्नरच्या नाटकांवर लिहिलेल्या 1876 च्या मार्गदर्शिकेमुळे रूढ झाली. तथापि फ्रीडरिख यान्सने ती 1871 मध्ये संगीतकार वेबरविषयी लिहिताना वापरली होती, आणि संगीत-समीक्षक आम्ब्रोसच्या लेखनात ती 1860 च्या दशकातच आढळते, असेही दाखवले गेले आहे. वाग्नरने स्वतः 1851 च्या ग्रंथात पूर्वसूचना आणि स्मरण यांची भाषा वापरली होती. लघुकादंबरीच्या दृष्टीने हे जुने वर्णनच अधिक उपयोगी आहे, कारण पहिला उल्लेख सूचना देतो आणि पुढचे उल्लेख स्मरण करून देतात.

संस्कृत परंपरेतील अभिज्ञान, म्हणजे ओळख पटवणारी खूण, हे या तंत्राचे भारतीय पूर्वरूप म्हणून सांगितले जाते. कालिदासाच्या नाटकातली अंगठी दिली जाते, हरवते आणि कोळ्याकडून परत मिळते. मात्र ती मुख्यतः कथानक वळवते. तिचा अर्थ टप्प्याटप्प्याने पालटत नाही. त्यामुळे हे नाते सावधपणेच मांडावे लागते.

बंद घड्याळाचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे ‘त्या क्षणी काळ थांबला’ असे सुचवणे, आणि नवीन लेखकाला तोच सर्वांत गोत्यात आणतो. मराठवाड्यातील एका कल्पित आराखड्यावरून हे स्पष्ट करता येईल. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचे आकडे साधारण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिले जातात. या पार्श्वभूमीवरील लघुकादंबरीत भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ चारला चार मिनिटे कमी असताना थांबलेले दाखवणे सहज सुचते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे, कारण हादऱ्याने लंबकाची लय बिघडते आणि घड्याळ थांबते. पण वाचकाला जे आधीच ठाऊक आहे तेच ते सांगते, आणि दुसऱ्या उल्लेखापासून त्यात काही भर पडत नाही.

त्याऐवजी चावीचे हातघड्याळ घेतले तर प्रतिमेला हालचाल मिळते. पूर्ण चावी दिलेले असे घड्याळ साधारण 36 ते 40 तास चालते. ढिगाऱ्याखाली त्याला इजा झाली नाही, तर ते कमान उलगडून संपेपर्यंत चालू राहते. समजा, वडील बुधवारी रात्री अकराला झोपण्यापूर्वी घड्याळाला चावी देतात आणि बायकोला म्हणतात, “अगं, सकाळी लवकर उठव.” हा पहिला उल्लेख एका ओळीचा आणि निव्वळ कामाचा ठेवावा. गुरुवारी पुण्याहून धावत आलेला मुलगा संध्याकाळी घराचा ढिगारा उपसणे थांबवतो आणि जखमी आईला घेऊन सोलापूरला जातो. शनिवारी वडिलांचा देह सापडतो; मनगटावरचे घड्याळ एक वाजून दहा मिनिटांवर थांबलेले असते. तबकडी बारा तासांचीच असल्यामुळे मुलगा ती वेळ भूकंपाआधीची, मध्यरात्रीनंतरची धरतो आणि विसर्जनाच्या गडबडीत चावी द्यायची राहून गेली असेल, अशी समजूत करून घेतो. पंचनाम्यात ‘एक हातघड्याळ, बंद’ एवढीच नोंद होते. पुनर्वसित गावातल्या नव्या घरात आई ते पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि कधीतरी सहज बोलून जाते की, चावी दिल्याशिवाय ते झोपतच नसत. अनेक वर्षांनी लातूरचा घड्याळजी मागचे झाकण उघडून सांगतो, “काहीच मोडलं नाही साहेब, नुसती चावी संपलीय.” आता एक वाजून दहा ही शुक्रवार दुपारची वेळ ठरते. घड्याळ चालू होते म्हणून वडील जिवंत होते असे मुळीच सिद्ध होत नाही. परंतु आपण शोध थांबवल्यावरही ते चालू होते, ही गोष्ट मुलाला टाळता येत नाही. काळ थांबल्याचा आशय येथे मागे पडतो आणि आपण लवकर थांबल्याचा आशय पुढे येतो. लेखकाने तो वाक्यात मांडला की आधीचे सर्व उल्लेख वाया जातात.

ही रचना वस्तूच्या यंत्रणेवर उभी असते, म्हणून निवड काटेकोर हवी. सेलवरचे घड्याळ महिनोन् महिने चालत राहील. तारखेची खिडकी असलेले घड्याळ दिवस उघड करून मुलाचा गैरसमज पहिल्याच नजरेत संपवील. घड्याळाला चावी रात्री नव्हे, सकाळी आठला दिली असे लिहिले, तर ते गुरुवारी रात्रीच थांबेल आणि एक वाजून दहाचा हिशेब जमणार नाही.

किती उल्लेख असावेत याचा नियम नाही. या आराखड्यात पाच पुरेसे वाटतात. लघुकथेत पहिला उल्लेख वाचकाच्या डोळ्यांपुढे ताजाच असतो आणि मोठ्या कादंबरीत तो विसरला जातो. लघुकादंबरीच्या लांबीत तो अर्धवट आठवतो, आणि घड्याळजीच्या वाक्याला बळ येते ते त्या अर्धवट आठवणीमुळे. प्रतिमा काम करते की नाही हे पाहण्यासाठी तिचे सर्व उल्लेख क्रमाने वेगळे लिहून काढावेत. दोन उल्लेखांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर ती प्रतिमा नुसती पुन्हापुन्हा येत आहे, तिचा अर्थ पुढे सरकत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पात्राला घड्याळाकडे बघायला लावणे हा याच दोषाचा नेहमीचा प्रकार होय.

दिवाळी अंकासाठी मजकूर कमी करताना पहिला धोका चावी देण्याच्या त्या एका ओळीला असतो, कारण सुटी वाचली तर ती निरुपयोगी दिसते. ती गेली तर आईचे बोलणे हाच एकमेव पुरावा उरतो आणि वाचकाला मुलाच्या आधी शंका येण्याची संधी राहत नाही. म्हणून हस्तलिखितासोबत संपादकाला ही ओळ आवर्जून कळवावी.