रशियन Р आणि इंग्रजी पी: दिसायला एक, वाचायला दोन

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातून माझी भाची डॉक्टरकी शिकायला रशियाला निघाली आहे. तिथे आधीच शिकत असलेल्या एका मुलीने तिला किराणा दुकानातल्या फळीचा फोटो पाठवला. एका पुडक्यावर लिहिलं होतं САХАР. भाचीने फोटो माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मामा, हे तं कॅक्सॅप दिसून राह्यलं. औषध आहे का?"

औषध नाही, साखर आहे. आणि तो शब्द वाचायचाही जवळजवळ 'साखर' असाच. С म्हणजे स, А म्हणजे आ, Х म्हणजे ख (घसा किंचित खरवडून म्हटलेला), पुन्हा А, आणि शेवटचा Р म्हणजे र. आपली साखर आणि त्यांची साखर, दोन्हींचं मूळ 'शर्करा'. प्राकृतातला शब्द ग्रीकांकडे गेला आणि तिथून फिरत रशियनांकडे. म्हणजे शब्द ओळखीचा, अर्थ ओळखीचा, अक्षरंही ओळखीची वाटणारी, आणि तरी पोरगी अडली. ती अडली ती अक्षरं अनोळखी होती म्हणून नाही, चुकीच्या ओळखीची होती म्हणून.

रशियन वर्णमालेत 33 अक्षरं आहेत. पण पहिल्या आठवड्यात त्यातली 12 च घ्यावीत, असं माझं मत आहे. ही 12 मी निवडलेली नाहीत. रशियातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर फक्त तेवढीच वापरतात: А В Е К М Н О Р С Т У Х. परदेशी पोलिसालाही नंबर वाचता यावा म्हणून इंग्रजी अक्षरांसारखी दिसणारी तेवढीच ठेवली आहेत. पण सारखी दिसतात म्हणजे सारखी वाचतात असं नाही. बरोबर निम्मी इमानदार आहेत. А, К, М, О, Т यांचा आवाज आपल्याला वाटतो तोच, आणि Е चा 'ये'च्या जवळचा. उरलेली सहा फसवतात.

В दिसतो बी, पण तो व आहे. Н दिसतो एच, पण न आहे. Р दिसतो पी, पण र. С दिसतो सी, पण तो कायम स, क कधीच नाही. У दिसतो वाय, पण तो ऊ. Х दिसतो एक्स, पण ख.

असं का झालं? दोन्ही लिप्यांचं माहेर ग्रीक. ग्रीकांमध्ये र चं अक्षर पी सारखंच दिसायचं आणि आजही दिसतं. रोमन लोकांनी त्याला खाली एक तिरपा पाय जोडून आपला आर केला. रशियनची लिपी म्हणजे सिरिलिक, तिने तो पाय जोडलाच नाही. म्हणजे रशियन Р ने पीचं सोंग घेतलेलं नाही. तो ग्रीक र आहे, मूळ रूपात राहिलेला. В चंही तसंच. नवव्या शतकात बल्गेरियात ही लिपी घडत होती तेव्हा ग्रीक लोक ते अक्षर 'व' असंच उच्चारत होते, म्हणून ब साठी वेगळं अक्षर करावं लागलं, ते Б. पुढे 1708 मध्ये रशियाच्या पीटर राजाने छापील अक्षरांची वळणं बदलून ती रोमनसारखी केली आणि हे साम्य आणखी वाढलं.

भाचीच्या वहीत मला खरी चूक सापडली. तिने इंटरनेटवरून तक्ता उतरवून घेतला होता आणि प्रत्येक रशियन अक्षराखाली त्याचा आवाज इंग्रजी अक्षरात लिहिला होता. Р च्या खाली आर, Н च्या खाली एन, С च्या खाली एस. त्यामुळे डोळा दर वेळी इंग्रजीच्या फाटकातून आत जायचा, आणि त्या फाटकात पी आणि एच आधीच उभे असायचे. मी तिला ती पानं बाजूला ठेवायला लावली. नवीन पानावर Р च्या खाली र, Н च्या खाली न, С च्या खाली स, У च्या खाली ऊ. देवनागरीतल्या कुठल्याच अक्षराचा चेहरा Р सारखा नाही, त्यामुळे गोंधळायला जागाच उरत नाही. मराठी माणसाने सिरिलिक देवनागरीवरूनच शिकावी, इंग्रजीवरून नाही.

मग तिच्याच कामाचे शब्द घेतले, सगळे त्याच 12 अक्षरांतले. НОС म्हणजे नाक, वाचायचं 'नोस'. УХО म्हणजे कान, 'ऊखो'. ВЕНА म्हणजे शीर, 'व्येना'. НЕРВ हा शब्द तिने बराच वेळ एचपासून सुरू केला. मी म्हटलं, एकेक अक्षर बोटाने झाक आणि पुढे जा. Н, न. Е, म्हणून न्ये. Р, न्येर. В, न्येर्व. "अगं बाई, हे तं नर्व्ह आहे!" म्हणाली. तोच. बोलताना शेवटचा व जरा फ कडे झुकतो, पण ते ऐकून येतं, वाचायला अडत नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते РОТ सारख्या शब्दाला. कॅक्सॅप वाचलं तर निदान काहीतरी चुकलं हे कळतं. РОТ मात्र इंग्रजीत 'पॉट' असा अर्थपूर्ण वाचला जातो, आणि चूक झाल्याची खूण राहत नाही. तो आहे 'रोत', म्हणजे तोंड. म्हणून नुसता वेग मोजू नये. शब्द मोठ्याने वाचावा आणि अर्थ लगेच शेजारी लिहावा. वहीत 'तोंड' असेल आणि जिभेवर 'पॉट' आला, तर चोर तिथेच सापडतो.

बाकीची 21 अक्षरं मला कमी धोक्याची वाटतात, कारण Ж किंवा Ш पाहून कुणाला इंग्रजी आठवत नाही. З तेवढा आकड्यातल्या तीनसारखा दिसतो. त्याचा आवाज आपल्या 'बाजार'मधल्या ज चा, आणि БАЗАР हा शब्दही तोच, अर्थही तोच. Ч आणि Ц मध्ये हिंदी बोलणारी मुलं अडखळतात. आपण अडखळायचं कारण नाही. Ч म्हणजे 'चार'मधला च, Ц म्हणजे 'चाक'मधला च. आपण लिहिताना एकच अक्षर वापरतो, ते दोन वापरतात, एवढाच फरक.

दहा-बारा दिवसांत, रोज अर्धा तास बसून, भाची दुकानाच्या पाट्या वाचू लागली. РЕСТОРАН ला ती आता पेक्टोपाह म्हणत नाही. पण वाचायला आलं म्हणजे उच्चार नेमका आला असं नाही. जोर नसलेला О बोलताना आ सारखा होतो, त्यामुळे МОЛОКО, म्हणजे दूध, तिथे 'मलाको' ऐकू येतं.

परवा त्या सीनिअर मुलीने हाताने लिहिलेल्या नोट्सचं पान पाठवलं आणि भाची पुन्हा पहिल्या दिवसासारखी थांबली. हाताने लिहिताना छोटा т इंग्रजी एम सारखा होतो, и यू सारखा आणि п एन सारखा. छापील लिपीत इमानदार असलेला Т इथे फितूर होतो. मी तिला छापील आणि हाती लिहिलेलं अक्षर शेजारी शेजारी, आणि खाली त, ई, प असं लिहून दिलं. ते पान आता तिच्या पुस्तकांच्या फळीवर चिकटवलेलं आहे.