पुरवठादार रिबेट

वर्षभरात ठरावीक उलाढाल झाल्यास खरेदीदाराला पुरवठादाराकडून मागाहून मिळणारी सूट. बीजकावरच वजा होणारी सूट यात धरत नाहीत. करार दोन प्रकारचे असतात: टप्पा ओलांडल्यावर पहिल्या रुपयापासून सूट देणारे आणि फक्त वरच्या रकमेवर देणारे. कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र नोंदवणाऱ्या ईआरपी प्रणालीत करार वेगळा नोंदवतात. सॅप या ईआरपीच्या जुन्या आवृत्त्यांतील रिबेट कराराची जागा नव्या एस/४हानामध्ये कंडिशन कॉन्ट्रॅक्टने घेतली.

टप्पा गाठण्याआधी रिबेटचे येणे हिशेबात दाखवावे का, याविषयी मतभेद आहेत. एक मत त्याला संभाव्य मालमत्ता मानते. मग इंड एएस ३७ या भारतीय लेखामानकाप्रमाणे ते मिळणे जवळजवळ निश्चित होईपर्यंत नोंद करता येत नाही. दुसरे मत रिबेटला मालाच्या खरेदी किमतीचाच भाग समजते. इंड एएस २ रिबेट किमतीतून वजा करायला सांगते आणि अंतरिम अहवालाविषयीचे इंड एएस ३४ करारबद्ध सूट मिळण्याची शक्यता अधिक असेल तर आधीच धरू देते, पुरवठादाराच्या मर्जीवरची मात्र नाही. हे मत अधिक सुसंगत वाटते.

समजा, वर्ष एप्रिल ते मार्च. एक कोटीच्या खरेदीपर्यंत सूट नाही, त्यापुढे दोन कोटींपर्यंत २ टक्के, दोन कोटींवर ३ टक्के. दर गाठलेल्या टप्प्याचा, पण लागू संपूर्ण खरेदीला, जीएसटी व परत पाठवलेला माल वगळून. वर्षाचा अंदाज २.४० कोटींचा. सप्टेंबरअखेर ९० लाखांची खरेदी झाली, म्हणजे एकही टप्पा गाठलेला नाही. तरी वर्षाचा अंदाज दोन कोटींवर असल्याने ३ टक्क्यांनी २.७० लाख येणे नोंदवावे. त्यातला दोनतृतीयांश माल विकला गेला असेल, तर १.८० लाख विक्री खर्चातून आणि ९० हजार शिल्लक साठ्याच्या किमतीतून कमी होतात. सगळी रक्कम नफ्यात घेण्याची चूक इथेच होते.

डिसेंबरअखेर खरेदी १.३० कोटींवर गेली, पण वर्षाचा अंदाज १.८० कोटींवर घसरला. आता दर २ टक्के, म्हणून येणे २.६० लाख. खरेदी ४० लाखांनी वाढूनही येणे दहा हजारांनी घटते. प्रणाली केवळ गाठलेल्या टप्प्याचा दर लावत असेल, तर सप्टेंबरमध्ये शून्य आणि एक कोटी ओलांडताच एकदम उडी दिसते. अंदाजित दर हाताने बदलावा लागतो. वर्षअखेरीची क्रेडिट नोट उत्पन्न म्हणून न घेता या येण्याशी जुळवतात. मागच्या वर्षाचे येणे क्रेडिट नोटेविना पडून राहणे हे अंदाज फुगल्याचे पहिले लक्षण.

ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने २२ सप्टेंबर २०१४ रोजी अर्धवार्षिक नफ्याचा आपला अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगल्याचे जाहीर केले. पुरवठादारांकडून येणारे उत्पन्न वेळेआधी धरणे आणि खर्च उशिरा नोंदवणे, ही मुख्य कारणे सांगितली गेली.